‘फक्त’ आणि ‘ही’ यांची जागा

‘फक्त एक गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी.’ औषधाच्या पुडीवर असे लिहिलेले असेल, तर रुग्णाने काय समजायचे? एका वेळी एकच गोळी घ्यायची, दोन नाही? की दिवसभराच्या गोळ्यांपैकी एवढी एकच रात्री घ्यायची आणि बाकीच्या सकाळी? की गोळी रात्रीच घ्यायची, सकाळी घ्यायचीच नाही? लिहिणाऱ्याच्या मनात यांतला एकच अर्थ होता, पण कागदावर तिन्ही उतरले.

बोलताना ही अडचण येत नाही. आपण ज्या शब्दावर जोर देतो, त्याला ‘फक्त’ चिकटतो आणि ऐकणाऱ्याला नेमके कळते. लिहिताना आवाजाचा आधार नसतो, तेव्हा शब्दाची जागा हीच एक खूण उरते. ‘फक्त’ आणि ‘केवळ’ हे शब्द पुढे पाहतात. त्यांच्या पुढे लांबलचक वाक्य पसरलेले असले, की त्यांचा रोख कुठवर आहे ते समजत नाही. म्हणून पहिला उपाय म्हणजे ‘फक्त’ वाक्याच्या तोंडाशी न ठेवता ज्या शब्दाला मर्यादा घालायची आहे त्याच्या अगदी आधी आणणे. ‘एक गोळी फक्त रात्री घ्यावी’ म्हटले की सकाळ वगळली. ‘रात्री गोळी फक्त जेवणानंतर घ्यावी’ म्हटले की उपाशीपोटी घेणे वगळले.

दुसरा उपाय मराठीने हाताशीच ठेवला आहे, तो म्हणजे ‘च’. तो मागच्या शब्दाला घट्ट धरतो, त्यामुळे रोख चुकायला वाव कमी. ‘रात्री जेवणानंतर एकच गोळी घ्यावी’ या वाक्यात संख्येबद्दल शंका उरत नाही. नामाला प्रत्यय असेल तर ‘च’ त्याच्या नंतर येतो: रामानेच, घरातच. मात्र तो कोणत्या शब्दाला लावला, यावर बरेच अवलंबून असते. ‘शाळेच्या मुलांनीच झाडे लावली’ म्हणजे शिक्षकांनी किंवा गावकऱ्यांनी नाही. ‘शाळेच्याच मुलांनी झाडे लावली’ म्हणजे दुसरीकडच्या मुलांनी नाही.

‘च’चीही एक मर्यादा आहे. काळ दाखवणाऱ्या शब्दाला तो लागला, की ‘इतक्या लवकर’ असाही अर्थ निघतो. ‘त्याने रात्रीच गोळी घेतली’ याचा अर्थ बहुधा ‘सकाळची वाट न पाहता घेतली’ असा होतो. क्रियापदाला लागला तर तो आग्रह दाखवतो, जसे ‘मी येणारच’. अशा ठिकाणी ‘फक्त’ बरा. सूचना महत्त्वाची असेल तर सरळ ‘सकाळी घेऊ नये’ असे जोडून द्यावे.

‘ही’, ‘सुद्धा’ आणि ‘देखील’ हेदेखील मागच्या शब्दाशी बांधलेले असतात. पाहुणा म्हणतो, ‘त्यांनी साधे पाणीही विचारले नाही.’ इथे जेवण, चहा तर सोडाच, पाण्यासारखी किमान गोष्टही मिळाली नाही, अशी तक्रार आहे. ‘त्यांनीही पाणी विचारले नाही’ म्हटले की आधी आणखी कोणीतरी विचारले नव्हते, असे सूचित होते. ‘त्यांनी मलाही पाणी विचारले नाही’ म्हणजे इतरांना विचारले नाही आणि मी जवळचा असूनही मला विचारले नाही. शब्द तेच, पण ‘ही’ सरकला की तक्रारीचा रोख बदलतो.

‘ही’मध्ये ‘आणखी’ आणि ‘इतकेसुद्धा’ असे दोन्ही अर्थ असतात. ‘शिक्षकांनाही हे गणित सुटले नाही’ या वाक्यात शिक्षक इतरांच्या रांगेत बसले, की शिक्षकांना सुटायलाच हवे होते, हे संदर्भावरून ठरते. दुसरा अर्थ पक्का करायचा असेल तर ‘अगदी’ किंवा ‘खुद्द’ पुढे जोडावे: ‘खुद्द शिक्षकांनाही हे गणित सुटले नाही.’

लिहिताना ‘ही’ तोडू नये. ‘मलाही साडी आवडली’ म्हणजे इतरांसारखी मलाही, तर ‘मला ही साडी आवडली’ म्हणजे समोरची ही साडी. मधल्या एका मोकळ्या जागेने ‘ही’ अव्ययाचा सर्वनाम होऊन बसतो. ‘च’, ‘सुद्धा’, ‘देखील’ हेही शब्दाला जोडूनच लिहायचे.

सूचना, अर्ज किंवा नियम लिहून झाला की एक चाचणी घ्यावी. ‘फक्त’ किंवा ‘च’ आले असेल तर ‘दुसरे कोण किंवा काय नाही?’ असा प्रश्न विचारून उत्तर वाक्याच्या पुढे लिहून पाहावे. ‘ही’ आले असेल तर ‘आणखी कोण किंवा काय?’ असे विचारावे. त्या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली, तर शब्द हलवावा आणि वाक्य दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावे, कारण लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा जोर घुमत असतो आणि त्याला दुसरा अर्थ दिसत नाही.