प्रयोगशाळा एक, दुकाने वेगळी

इंटेल, आयबीएम, मोटोरोला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. एकमेकींची गिऱ्हाइके पळवणाऱ्या अशा चौदा अमेरिकी कंपन्यांनी 1987 साली मिळून ‘सेमाटेक’ नावाची संशोधन संस्था काढली. मेमरी चिपच्या बाजारात जपानी कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या. अमेरिकी सरकारने वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलर देऊ केले, बाकीचा भार कंपन्यांनी उचलला. टेक्सासमधल्या ऑस्टिनला प्रयोगशाळा उभी राहिली आणि इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस तिचे प्रमुख झाले.

हाडवैरी संशोधनासाठी एकत्र का येतात? कारण ज्ञान कुंपणात राहत नाही. इंजिनिअर नोकरी बदलतात, बाजारात आलेली चिप उघडून पाहता येते आणि यंत्रे पुरवणारा एकाकडे शिकलेले दुसऱ्याकडे वापरतो. खर्च एकाचा, फायदा शेजाऱ्याचाही. मग खर्च करणाऱ्याचा हात आखडतो.

क्लोद दास्प्रमाँ आणि अलेक्सी जाकमँ या बेल्जियममधल्या अर्थतज्ज्ञांनी 1988 साली हा पेच गणितात मांडला. त्यांच्या पद्धतीने एक काल्पनिक हिशोब करून पाहू. दोन कंपन्या एकच वस्तू बनवतात. एका नगाचा उत्पादनखर्च 48 रुपये. बाजारात एकही नग नसेल तर किंमत 160 रुपये, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नगामागे ती एक रुपयाने उतरते. संशोधनाने खर्च कमी करता येतो, पण ते चढत्या दराने महाग पडते: नगामागे 7 रुपये वाचवायला 98 रुपये लागतात, 14 वाचवायला 392.

एकीचा शोध दुसरीला पूर्ण आणि फुकट मिळतो असे धरू. दोघींनी आपापल्यापुरते ठरवले तर प्रत्येक जण 7 रुपयांच्या बचतीइतकेच संशोधन करते. गळती मुळीच नसती तर तिने 14 रुपयांपर्यंत मजल मारली असती. दोघींचे शोध मिळून खर्च 34 वर येतो, एकूण 84 नग बनतात आणि किंमत 76 रुपये राहते.

आता संशोधनाचा निर्णय एकत्र, विक्री मात्र स्वतंत्र. शेजारणीला होणारा फायदाही हिशोबात धरला जातो, म्हणून प्रत्येकीचे संशोधन 7 वरून 16 रुपयांवर जाते. उत्पादनखर्च 16 रुपयांवर उतरतो, 96 नग बनतात, किंमत 64 होते. कंपन्यांचा नफाही वाढतो आणि गिऱ्हाइकाचाही फायदा होतो.

गळती नसेल तर मात्र हेच पारडे उलटे फिरते. तेव्हा एकीच्या शोधाने दुसरीची गिऱ्हाइके जातात. एकत्र बसलेल्या कंपन्या ते नुकसान टाळायला संशोधन 14 वरून साडेसहाच्या आसपास आणतात आणि वस्तू महागते. दास्प्रमाँ-जाकमँ यांच्या मांडणीत सीमारेषा निम्म्यावर आहे: शोधाचा अर्ध्याहून अधिक लाभ स्पर्धकाकडे झिरपत असेल, तरच एकत्र निर्णयाने संशोधन वाढते.

खरा धोका त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. प्रयोगशाळेत जमलेली दोस्ती विक्रीतही उतरली, तर पूर्ण गळतीच्या आपल्या उदाहरणात संशोधन आणखी वाढून साडेअठरा रुपयांच्या वर जाते, पण उत्पादन जेमतेम 75 नगांवर येते आणि किंमत 85 रुपये होते. वस्तू बनवणे सर्वांत स्वस्त, विकत घेणे सर्वांत महाग! म्हणून संशोधन किती झाले एवढ्यावरून अशा युतीचे मोल ठरवणे चूक आहे. बाजारात माल किती आला तेही पाहायलाच हवे. अमेरिकेच्या 1984 च्या कायद्याने नोंदणी केलेल्या संयुक्त संशोधनाला मक्तेदारीविरोधी खटल्यांतल्या तिप्पट भरपाईतून सूट दिली. किमती संगनमताने ठरवायला मुभा दिली नाही, हे योग्यच झाले.

सेमाटेकमध्ये प्रत्यक्षात काय झाले? कंपन्या आपली उत्पादनाची गुपिते टेबलावर ठेवायला कचरल्या. मग संस्थेने रोख बदलला आणि सर्वांना लागणारी यंत्रे बनवणाऱ्या पुरवठादारांना हाताशी धरले. तिथे कुणाचेच गुपित पणाला लागत नव्हते. मायक्रॉन आणि एलएसआय लॉजिक या कंपन्या काही वर्षांत बाहेरही पडल्या.

डग्लस अर्विन आणि पीटर क्लेनो यांनी 1996 साली सभासद कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा त्यांचा संशोधनखर्च वाढला नव्हता. सुमारे 9 टक्क्यांनी घटला होता. ही घट आळसाची असेलच असे नाही. तोच प्रयोग अनेक ठिकाणी वेगवेगळा करण्याऐवजी एकदाच केला, तर खर्च कमी होतो आणि ज्ञान तेवढेच हाती येते. पण मग सरकारी पैशाची गरज काय, असा प्रश्न उरतो, कारण स्वतःचा खर्च वाचत असेल तर कंपन्या ही संस्था आपल्या खिशातूनही चालवतील. सेमाटेकने 1996 नंतर सरकारी अनुदान घेणे बंद केले. संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालू राहिली.