डिमांड दिसते, ऑर्डर दिसत नाही

एक उदाहरण घेऊ. तासगावकडच्या एका बेदाणा उत्पादक बाई आहेत. शेतीचं उत्पन्न, बँकेत थोड्या ठेवी, ठेवींवर कापला गेलेला टीडीएस. तो परत मिळावा म्हणून त्यांनी पुतण्याकरवी रिटर्न भरलं. रिफंडाऐवजी ई-मेल आली: तुमच्या नावावर जुनी थकबाकी आहे, रिफंड तिच्यात वळता करत आहोत, म्हणणं असेल तर २१ दिवसांत मांडा. हे आयकर कायद्याच्या कलम २४५खालचं पत्र. पुतण्याने पोर्टल उघडून Pending Actions मधल्या Response to Outstanding Demand वर टिचकी मारली. तिथे एक ओळ होती. करनिर्धारण वर्ष २०१७-१८, कलम १४४, तारीख डिसेंबर २०१९ची, रक्कम ७,५०,८७० रुपये, शिवाय त्यावर चढलेलं व्याज. ऑर्डर कुठे आहे म्हणून e-Proceedings मध्ये पाहिलं, तर ते पान कोरं.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता भरायचे किती?’ त्याआधी विचारायला हवं, हे साडेसात लाख आले कुठून? त्याचं उत्तर पोर्टलवरच्या त्या ओळीत नाही. ते दोन कागदांत आहे. एक असेसमेंट ऑर्डर आणि दुसरा तिच्यासोबतची कॉम्प्युटेशन शीट, म्हणजे कर आणि व्याज कसं मोजलं त्याचा हिशोब. हे दोन्ही कागद पोर्टलवर नसले, तरी ज्या अधिकाऱ्याने कर लावला त्याच्या कार्यालयात असायला हवेत, आणि त्यांची सहीशिक्क्याची नक्कल मागण्याचा हक्क करदात्याला आहे.

पोर्टलवर ते का नसतात, याची कारणं बहुधा साधी असतात. खूप जुन्या वर्षांच्या ऑर्डरी कागदावरच झाल्या. त्यांतल्या रकमा पुढे अधिकाऱ्यांनी संगणकात चढवल्या, मजकूर मात्र फाइलमध्येच राहिला. जून २०२१मध्ये पोर्टल बदललं. काही वेळा ऑर्डर कुणा जुन्या कर सल्लागाराच्या ई-मेलवर किंवा पॅनवरच्या जुन्या पत्त्यावर गेलेली असते. ऑर्डर, कॉम्प्युटेशन शीट आणि कलम १५६ची डिमांड नोटीस या तीन वेगवेगळ्या फाइली असतात, त्यामुळे तिन्हींपैकी एकच दिसते, असंही होतं. एक फरक मात्र आधी तपासावा. डिमांडसमोर कलम १४३(१) लिहिलेलं असेल, तर ती बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राने काढलेली इंटिमेशन असते आणि तिची प्रत पोर्टलवरूनच पुन्हा मागवता येते. त्यासाठी कार्यालयाची पायरी चढायची गरज नाही. १४३(३), १४४ किंवा १४७ दिसलं, तर ती अधिकाऱ्याने केलेली ऑर्डर आहे. हा लेख तिच्याबद्दल आहे.

आता त्या बाईंचे कागद हाती आले, तर त्यांत काय असेल ते पाहू. नोटाबंदीच्या काळात त्यांनी खात्यात सहा लाख रुपये रोख भरले होते. नोटिसा त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत, उत्तर गेलं नाही, म्हणून अधिकाऱ्याने कलम १४४खाली स्वतःच्या अंदाजाने निर्णय दिला आणि पूर्ण सहा लाख ‘स्रोत न सांगितलेली रक्कम’ धरले. एवढं ऑर्डरमध्ये असेल. ऑर्डरच्या शेवटी एक वाक्य असेल, ‘कलम ११५बीबीईप्रमाणे कर आकारावा’. त्या वाक्याचं वजन कॉम्प्युटेशन शीट पाहिल्यावरच कळतं. सहा लाखांवर ६० टक्के म्हणजे ३,६०,००० रुपये कर, त्या करावर २५ टक्के अधिभार ९०,००० आणि दोन्हींवर ३ टक्के उपकर १३,५००. झाले ४,६३,५००. रिटर्न न भरल्याचं २९ महिन्यांचं व्याज १,३४,४१५ आणि आगाऊ कर न भरल्याचं ३३ महिन्यांचं व्याज १,५२,९५५. बेरीज ७,५०,८७०. म्हणजे भरलेल्या रकमेपेक्षा मागणीच मोठी.

आता तेच सहा लाख साधं उत्पन्न धरून त्या वर्षीच्या नेहमीच्या दरांनी मोजा. साठीच्या आतल्या व्यक्तीला उपकरासह कर येतो ४६,३५० रुपये, म्हणजे बरोबर एक दशांश. आणि ही बेदाण्याच्या विक्रीची रक्कम होती असं पावत्यांनी दाखवता आलं, तर वादाचं स्वरूपच बदलतं. ६० टक्क्यांचा वाढीव दर २०१७-१८ या करनिर्धारण वर्षाला लागू होतो का, यावरही न्यायालयांपुढे वाद झाले आहेत. पण दर कोणता लावला, व्याज किती महिन्यांचं धरलं, कापलेल्या टीडीएसची वजावट दिली की विसरले, हे शीटशिवाय कळत नाही. माझं मत असं की जिला लोक किरकोळ पुरवणी समजतात ती शीटच अनेकदा जास्त बोलकी असते.

शीट हा कार्यालयाचा खासगी कागद आहे, असं उत्तर काउंटरवर मिळालं तर दबून जाऊ नये. १९९१मध्ये कल्याणकुमार राय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की करनिर्धारण म्हणजे उत्पन्न ठरवणं आणि देय कर ठरवणं, दोन्ही. कराचा हिशोब ऑर्डरच्याच पानावर नसून वेगळ्या फॉर्मवर असला आणि त्यावर अधिकाऱ्याची सही किंवा आद्याक्षरी असली, तर तोही लेखी निर्णयाचाच भाग. त्या जुन्या फॉर्मचं नाव आयटीएनएस-१५०. आजही अर्जात ‘कॉम्प्युटेशन शीट किंवा आयटीएनएस-१५०’ असं लिहिलं, की शोधणाऱ्या कारकुनाला नेमकं कळतं.

अर्ज कुणाकडे करायचा? पोर्टलच्या पहिल्या पानावर Know Your AO आहे. तिथे पॅन टाकला की सध्याचा अधिकारी आणि वॉर्ड कळतो. पत्ता बदलल्यामुळे पॅन दुसऱ्या शहरात गेला असेल, तर फाइल जुन्या वॉर्डातच पडून असण्याची शक्यता असते. म्हणून अर्ज सध्याच्या अधिकाऱ्याला करावा, जुना वॉर्ड माहीत असल्यास तोही लिहावा. मजकूर थोडका हवा. नाव, पॅन, करनिर्धारण वर्ष, डिमांडचा क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून स्क्रीनची छापील प्रत जोडावी. मग ‘ऑर्डर मला मिळालेली नाही आणि ती पोर्टलवर उपलब्ध नाही’ हे एक स्पष्ट वाक्य. त्याखाली मागणी: ऑर्डर, कॉम्प्युटेशन शीट, कलम १५६ची नोटीस आणि हे तिन्ही कागद कोणत्या दिवशी, कोणत्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवले त्याचा पुरावा, सर्वांच्या प्रमाणित प्रती. नक्कल फी सांगाल ती भरतो, हेही लिहावं. प्रतिनिधी जाणार असेल तर अधिकारपत्र जोडावं. अर्ज आवक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. नुसतं ई-मेल पाठवून थांबू नये.

पोचेवरच्या तारखेला कायद्यात मोल आहे. असेसमेंट ऑर्डरविरुद्ध अपील करायला डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस मिळतात. पण १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २६८ म्हणतं की नोटीस मिळताना ऑर्डरची प्रत दिली नसेल, तर ती प्रत मिळवण्यासाठी लागलेला आवश्यक वेळ मुदतीतून वगळायचा. (नवा आयकर कायदा आता आला असला, तरी जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात.) नोटीस मिळाल्यावर आठवड्याने अर्ज केला आणि कार्यालयाने दीड महिन्याने नक्कल दिली, तर तो दीड महिना तुमच्या खात्यावर पडत नाही. पण अर्ज करण्याआधी घालवलेला आठवडा गेला. नक्कल तयार असल्याचं कळूनही आणायला उशीर केला, तर ते दिवसही गेले. आपल्या उदाहरणातल्या बाईंना तर नोटीसही मिळालेली नाही. त्यांनी ‘मला प्रत्यक्ष बजावणी नक्कल मिळाली त्या दिवशी झाली’ असं म्हणावं, आणि तरीही अपिलासोबत कलम २४९(३)खाली विलंब माफीची विनंती जोडावी. एकाच दाव्यावर विसंबण्यापेक्षा हे सुरक्षित.

महिना झाला तरी उत्तर नाही, तर माहिती अधिकार. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत प्रमाणित प्रती मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे आणि स्वतःच्या फाइलला गोपनीयतेची आडकाठी येत नाही. फी १० रुपये, प्रतीला दर पानी २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फाइल दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हा अर्ज मराठीतही करता येतो. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

कधीकधी उत्तर येतं, ‘फाइल सापडत नाही.’ हे उत्तर लेखी घ्या. ऑर्डरच दाखवता येत नसेल तर मागणी कशाच्या आधारावर आहे, हा प्रश्न तो कागद जोडून वरिष्ठांपुढे, म्हणजे रेंजच्या अपर किंवा संयुक्त आयुक्तांपुढे मांडता येतो. रक्कम लहान आणि वर्ष जुनं असेल, तर एवढे श्रमही नकोत. फेब्रुवारी २०२४च्या आदेशाने करनिर्धारण वर्ष २०१०-११पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६च्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यामागे एकूण एक लाखाच्या मर्यादेत, सोडून दिल्या आहेत. आपली नोंद त्यात बसते का, ते आधी पाहावं.

नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून ती पाहावी. ‘खरी प्रत’ असा दाखला, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा, तारीख आणि शिक्का हवा. नुसती झेरॉक्स म्हणजे नक्कल नव्हे. शीटमधली शेवटची बेरीज पोर्टलवरच्या मूळ डिमांडशी जुळवावी. जुळली नाही, तर मधे दुरुस्तीची एखादी ऑर्डर झाली असावी आणि तीही मागायला हवी. १ ऑक्टोबर २०१९नंतरच्या ऑर्डरवर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो. तो पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो.

आणि हे सगळं होईपर्यंत पोर्टलवर Demand is correct हा पर्याय निवडू नका. तो एकदा पक्का केला की नंतर असहमती नोंदवता येत नाही. २१ दिवसांची मुदत संपण्याआधी असहमती नोंदवून कारणाच्या जागी ‘ऑर्डरची प्रत मिळालेली नाही, अर्ज केला आहे’ एवढं लिहावं आणि पोच जोडावी. वसुली मात्र अर्जामुळे आपोआप थांबत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. पुढचं अपील फॉर्म ३५वर ऑनलाइन होतं, त्यात ऑर्डर आणि डिमांड नोटीस दोन्ही जोडावी लागतात, आणि ठरवलेलं उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर त्याची फी १,००० रुपये आहे.