अडकलेलं पार्सल आणि *401*

‘तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता अपुरा आहे. डिलिव्हरीवाल्याशी बोलण्यासाठी *401* पुढे हा नंबर आणि शेवटी # लावून फोन करा.’ असा मेसेज आला, तर बोट तिथेच थांबवा. हा कुणाला फोन लावण्याचा नंबर नाही. ती कॉल फॉरवर्डिंगची आज्ञा आहे. ती डायल झाली, की तुम्हाला येणारे फोन भामट्याच्या मोबाइलवर वाजू लागतात.

मग तो तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप उघडतो आणि ओटीपी एसएमसऐवजी फोनवर मागतो. एसएमस तुमच्याकडेच येतो, पण फोन वळलेला असतो. काही मिनिटांत तुमच्याच नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात.

पडताळणी सोपी आहे. मेसेजमधली लिंक किंवा नंबर न वापरता, खरेदी केलेल्या ॲपमधली ऑर्डर स्वतः उघडा. स्पीड पोस्ट असेल, तर क्रमांक मागा. तो दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी IN असा असतो. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. क्रमांकच नसेल, तर मेसेजवर विश्वास ठेवू नका.

कोड डायल झालाच असेल, तर *#21# लावून फोन वळवला आहे का ते पाहा. ##002# लावल्यावर सगळी वळवणी रद्द होते. तसं न झाल्यास मोबाइल कंपनीला सांगा. पैसे गेले असतील, तर लगेच 1930 वर तक्रार करा.