क्रोमबुकमधली जागा कुठे जाते?

स्वस्त क्रोमबुकमध्ये बहुधा 32 किंवा 64 जीबी साठवण असते. ती मदरबोर्डवरच बसवलेल्या चिपमध्ये असल्याने नंतर वाढवता येत नाही. शिवाय क्रोमओएस स्वतःच्या दोन प्रती ठेवते. एक प्रत चालू असते आणि नवे अपडेट दुसरीवर चढते. फोनची अॅप चालवण्यासाठी लागणारी अँड्रॉइडची यंत्रणाही जागा घेते, म्हणून खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हाती बरीच कमी जागा येते.

समजा, 32 जीबीच्या यंत्रात जेमतेम 800 एमबी उरले आहेत आणि जागा कमी असल्याची सूचना वारंवार येते आहे. अशा वेळी आधी सेटिंग्जमधले Storage management उघडावे. कोणी किती जागा व्यापली आहे ते तिथे दिसते. समजा, My files पुढे 5 जीबी दिसले. यातला मोठा भाग Downloads फोल्डरचा असतो. इथली फाइल फक्त याच यंत्रावर असते, आपोआप ड्राइव्हवर जात नाही. म्हणून हवी ती फाइल आधी ड्राइव्हवर हलवावी, मगच बाकीच्या पुसाव्यात. पुसल्यावरही आकडा तसाच राहिला, तर फाइली Trash मध्ये पडून आहेत असे समजावे. तिथे त्या 30 दिवस राहतात. Trash रिकामे केल्यावरच जागा सुटते.

ड्राइव्हच्या फाइलींचा न्याय वेगळा आहे. Available offline चालू केले की फाइलीची प्रत यंत्रावर उतरते. बंद केले की प्रत जाते, मूळ फाइल ड्राइव्हवर सुरक्षित राहते. मात्र Files अॅपमधून ड्राइव्हची फाइल पुसली, तर ती ड्राइव्हवरूनही जाते. जागा करण्याच्या घाईत सर्वांत महागात पडते ती हीच गफलत. गूगल डॉक्सचे ऑफलाइन दस्तऐवज तर ब्राउझरच्या साठ्यात असतात. इंटरनेट नसताना केलेले बदल वर पोहोचण्याआधी साइट डेटा पुसला, तर ते बदल गमावण्याचा धोका असतो.

उरले फोनचे अॅप. अॅप स्वतः लहान असले तरी त्याचा डेटा मोठा असू शकतो. व्हिडिओ अॅपमध्ये ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवलेले चित्रपट Downloads मध्ये दिसत नाहीत, कारण ते अॅपच्या डेटात असतात. ते त्या अॅपमध्ये जाऊनच पुसावे लागतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये Clear cache निवडले तर फक्त तात्पुरता साठा जातो; Clear storage ने लॉगिन आणि त्या यंत्रावरचे सारे काम जाते. ज्या सेवेची वेबसाइट चांगली चालते, तिचे अॅप काढून टाकावे आणि क्रोमच्या मेनूतून ती साइटच अॅपसारखी बसवावी. तिला बहुधा फारच कमी जागा लागते.

एसडी कार्ड लावून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा कार्डावर वळवता येते. चित्रपट, गाणी आणि पीडीएफ यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. अॅप मात्र यंत्राच्या मूळ साठवणीतच राहतात.