बाल्कनीची जाळी वरच का?

कॉन्ट्रॅक्टर साहेब,



काल तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचं लोखंड तपासून मी स्लॅब थांबवला, याचा तुम्हाला राग आला हे मला दिसलं. आरएमसीची गाडी परत पाठवायला पैसे लागतात, तेही मला माहीत आहे. जाळी बाकी उत्तम बांधली होती. सळया सरळ, अंतर बरोबर, बाइंडिंग तार प्रत्येक गाठीला. फक्त ती कव्हर ब्लॉकवर, स्लॅबच्या तळाशी बसली होती. फिटर म्हणाला, “साहेब, स्लॅबचं लोखंड खालीच असतं.” तुम्हीही मान डोलावलीत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

खोलीच्या स्लॅबपुरतं फिटरचं बोलणं खरं आहे. तो स्लॅब दोन्ही बाजूंनी बीमवर टेकलेला असतो. वजन आलं की मध्ये खाली झुकतो आणि त्याचा तळ ताणला जातो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण फार थोडा. म्हणून ताण येईल तिथे सळई, आणि खोलीच्या स्लॅबमध्ये ती तळाला. बाल्कनीला मात्र बाहेरच्या टोकाला काहीच आधार नाही. तिचं टोक खाली जायला बघतं, त्यामुळे बीमजवळ तिचा वरचा भाग ताणला जातो आणि तळ दाबला जातो. फिटरला पटवायचं असेल तर जुन्या स्लीपरच्या वरच्या बाजूला बॉलपेनने आडव्या रेघा मारा, अर्धी स्लीपर पायरीवर पायाने दाबून धरा आणि बाहेर आलेला भाग हाताने खाली दाबा. पायरीच्या कडेवर वरच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात. सळई हवी ती त्या रेघांच्या जागी.

आता आपल्याच बाल्कनीचा हिशेब. ती बीमपासून १.२ मीटर बाहेर आहे, जाडी १५० मिमी, काँक्रीट एम-२५. एक मीटर रुंदीची पट्टी धरू. स्लॅबचं वजन प्रत्येक चौरस मीटरला ३७५ किलो, लादी आणि फिनिशिंग १०० किलो आणि माणसं-सामानासाठी ३०० किलो. घरातल्या बाल्कनीसाठी आयएस ८७५ एवढा भार धरायला सांगतं. एकूण ७७५ किलो, म्हणजे १.२ मीटरला ९३० किलो, आणि त्याचा मध्य बीमपासून ०.६ मीटरवर. शिवाय कठड्याचं वजन मीटरला साधारण २५० किलो, तेही अगदी टोकाला, १.१५ मीटरवर. वजन गुणिले अंतर करून दोन्ही मिळवलं की बीमच्या कडेवर सुमारे ८.५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. त्यातला एक तृतीयांश एकट्या कठड्याचा. (मालकाला कठडा विटांचाच हवा आहे. एकदा त्यांना हा आकडा दाखवायला हवा.) सुरक्षिततेचा दीडचा गुणक लावला की १२.७ होतो.

ड्रॉइंगमध्ये १० मिमीच्या सळया २०० मिमी अंतरावर आहेत आणि वर ३० मिमी कव्हर आहे. तशा बसवल्या तर स्लॅब सुमारे १८ किलोन्यूटन-मीटर पेलतो. तीच जाळी काँक्रीट टाकताना कामगारांच्या पायाखाली ४० मिमी दबली, तर क्षमता ११.५ वर येते, म्हणजे हव्या त्यापेक्षा कमी. आणि काल होती तशी तळाशी राहिली, तर तडा गेल्यानंतर जेमतेम साडेचार उरतात. स्लॅब, लादी आणि कठडा यांचाच मोमेंट ६.३ आहे. म्हणजे बाल्कनीत एकही माणूस उभा नसताना ती स्वतःला धरू शकणार नाही. लोखंड तेवढंच, बिल तेवढंच. फरक फक्त उंचीचा. म्हणूनच “खाली दोन सळया जास्त टाकतो” या तुमच्या तोडग्याला मी नाही म्हटलं. दाबाच्या बाजूला कितीही लोखंड घातलं, तरी वरचा ताण घ्यायला ते पोचत नाही.

यावर तुमचा मुद्दा असा होता की मी रुजू होण्याआधी दुसऱ्या मजल्याची बाल्कनी अशीच टाकली, टेकू काढले, तरी काही झालं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. तडा गेलेला नसताना १५० मिमीचं नुसतं काँक्रीटसुद्धा, सळई धरलीच नाही तरी, हिशेबाने सुमारे १३ किलोन्यूटन-मीटरपर्यंत तग धरतं. टेकू काढता त्या दिवशी फक्त स्लॅबचं वजन असतं, मोमेंट २.७. त्यामुळे चुकीची बाल्कनीही ती परीक्षा सहज पास होते. पण त्या १३ वर कोणी भरवसा ठेवत नाही. आयएस ४५६ तर सळईच्या हिशेबात काँक्रीटचा ताण धरतच नाही. काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हात तापतं, रात्री निवतं, बीमजवळ कोल्ड जॉइंट राहिलेला असू शकतो. एकदा वरून बारीक तडा गेला की काँक्रीटचा ताण संपतो आणि सगळा भार सळईवर येतो. ती तळाशी असेल, तर बाल्कनी हळूहळू वाकून इशारा देत नाही. एकदम मोडते, बहुतेक वेळा बीमच्या कडेला.

तडा शोधायचा तर वरून शोधा, भिंतीला समांतर, दरवाजाच्या उंबऱ्यालगत. लादी बसली की तो झाकला जातो. खालचं प्लास्टर स्वच्छ दिसतं म्हणून बाल्कनी ठीक, असं म्हणता येत नाही.

सळई आत किती न्यायची यावरही आपलं एकमत नव्हतं. बीममध्ये हूक मारला की झालं, असं फिटरला वाटतं. २३० मिमीच्या बीममध्ये १० मिमीच्या सळईला पुरेशी पकड मिळत नाही; आपल्या काँक्रीटला आणि एफई-५०० लोखंडाला ती लांबी ४८५ मिमी लागते. शिवाय बाल्कनीचा मोमेंट एकटा बीम घ्यायला लागला तर तो पिळतो. त्याला आतल्या खोलीच्या स्लॅबनं तोलून धरायला हवं. म्हणून ड्रॉइंगमध्ये वरची सळई बीमच्या पलीकडे खोलीत १.८ मीटर, म्हणजे बाल्कनीच्या दीडपट, नेली आहे. ती तिथेही वरच राहिली पाहिजे. बीम ओलांडून सळई खाली उतरवली तर सगळी मेहनत वाया जाते.

आता काय करायचं ते. जाळी उचलून खुर्च्यांवर बसवा. मेन सळया सगळ्यात वर आणि डिस्ट्रिब्यूशनच्या ८ मिमीच्या सळया त्यांच्या खाली. आत्ता उलट बांधल्या आहेत. शटरिंगपासून डिस्ट्रिब्यूशन सळईच्या खालच्या कडेपर्यंत १०२ मिमी भरले पाहिजेत. खुर्च्या १२ मिमी सळईच्या करा, पाय थेट प्लायवर नकोत, कव्हर ब्लॉकवर ठेवा, आणि एक मीटरपेक्षा लांब लांब लावू नका. काँक्रीट टाकताना हुकाने जाळी वर ओढू, हे चालणार नाही: ओढलेली सळई पुढच्या पावलाला परत खाली बसते आणि आत किती गेली ते कुणाला दिसत नाही. चालायला फळ्या टाका, त्या जाळीवर टेकू देऊ नका.

तिसऱ्या मजल्याचे टेकू मी लेखी सांगेपर्यंत काढू नयेत. दुसऱ्या मजल्यावर आजच पुन्हा टेकू लावा, कठड्याच्या विटा रचू नका आणि तिथे सामान ठेवू नका. कव्हर मीटर आणून वरून सळई किती खोल आहे ते मोजू. ३० ते ४० मिमीवर सापडली तर काम पुढे चालू. १०० मिमीच्या आसपास सापडली तर आरसीसी कन्सल्टंटना बोलवावं लागेल. ते स्टीलचे ब्रॅकेट सुचवतील किंवा बाल्कनी तोडायला सांगतील, आणि तो निर्णय तुमच्या-माझ्या हातात नसेल. गुरुवारी सकाळी मी टेप आणि मीटर घेऊन येतो, फिटरला थांबवून ठेवा.

आपला,
साइट इंजिनिअर