सुगंध किती, हे शेजाऱ्याच्या नाकाला विचारा

ऑफिसच्या भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून घेतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. खिडक्या बंद, दार आपोआप मिटणारं आणि आत पंधरा-वीस माणसं. अशा ठिकाणी सकाळी कुणी भरपूर सेंट मारून आलं, तर तो वास जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांच्या नाकातून फिरत राहतो. उघड्या अंगणातल्या लग्नात जे अत्तर हवंहवंसं वाटतं, तेच इथे डोकं उठवू शकतं.

गंमत नव्हे, अडचण अशी की ज्याने तो वास लावलेला असतो त्याला याचा पत्ताच नसतो. आपलं नाक सतत येणाऱ्या वासाला काही मिनिटांतच सरावतं आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. मग वाटतं, ‘उडून गेला बहुतेक’, आणि माणूस बाथरूममध्ये जाऊन आणखी दोन फवारे मारून येतो. रोज तोच परफ्यूम वापरणाऱ्याला तो हळूहळू कमी वाटू लागतो, आणि तो थोडा जास्तच लावला जाऊ शकतो. म्हणून आपला वास किती येतोय, हे ठरवायला आपलंच नाक सगळ्यात कमी कामाचं.

यावर उपाय शोधायचा तर दोन वेगळी कामं आधी वेगळी करायला हवीत: घामाचा वास रोखणं आणि सुगंध लावणं. आपल्याकडे बहुतेक जण ही दोन्ही कामं एकाच डिओच्या डब्यावर सोपवतात.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या ग्रंथींमधून जो दाटसर घाम येतो, त्यावर त्वचेवरचे जिवाणू तुटून पडतात आणि त्यातून तो उग्र वास तयार होतो. डिओड्रंट या जिवाणूंची वाढ रोखतं आणि वर थोडा सुगंध देतं. अँटीपर्स्पिरंट वेगळं. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्यांची तोंडं तात्पुरती बंद करतात, त्यामुळे घामच कमी येतो. ते सकाळी घाईघाईत ओल्या काखेत लावलं तर घामाबरोबर वाहून जातं. रात्री झोपताना, कोरड्या त्वचेवर लावलं तर जास्त चांगलं काम करतं, आणि सकाळच्या अंघोळीनंतरही त्याचा परिणाम टिकतो. दाढीनंतर फिरवायची तुरटी हीदेखील ॲल्युमिनियमचाच क्षार. अंघोळीनंतर ओल्या काखेत ती हलकेच फिरवण्याची जुनी सवय जिवाणूंना आवर घालते. फक्त नुकतीच दाढी केलेल्या त्वचेवर ती झोंबते.

बॉडी स्प्रे म्हणून विकले जाणारे पुष्कळसे डबे मात्र प्रामुख्याने सुगंधच असतात. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत घामाघूम होऊन आलेल्या माणसाने शर्टावरून तो फवारला, तर घामाचा वास जात नाही. त्यात सुगंधाची भर पडते आणि दोन्ही मिळून तिसराच दर्प तयार होतो. त्यापेक्षा ऑफिसात पोचल्यावर ओल्या रुमालाने काखा पुसाव्यात, कोरड्या कराव्यात आणि बिनवासाचा किंवा मंद वासाचा रोल-ऑन फिरवावा. रोल-ऑन त्वचेवर राहतो, हवेत उडत नाही, हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण. शर्ट पॉलिस्टरचा असेल तर घामाचा वास त्यात जास्त अडकतो. आतून सुती बनियन घातल्याने पुष्कळ फरक पडतो.

आता सुगंध. बाटलीवर ‘ईडीटी’ असेल तर त्यात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के असतं, ‘ईडीपी’मध्ये १५ ते २० टक्के. म्हणून ईडीटीचे तीन फवारे मारणाऱ्याने ईडीपी घेतल्यावर तेच तीन फवारे मारले, तर हिशेब चुकतो. लिंबूवर्गीय वास लवकर उडतात. ऊद, अंबर, कस्तुरीसारखे जड वास तासन् तास रेंगाळतात, आणि कपड्यावर बसले तर दुसऱ्या दिवशीही जात नाहीत. ऑफिससाठी एक फवारा, तोही कपड्याखाली छातीवर, निघण्याच्या अर्धा तास आधी, एवढं पुरतं. अत्तर वापरणाऱ्यांनी एक थेंब मनगटावर लावावा. त्यात अल्कोहोल नसल्याने ते अंगालगत राहतं, पण कानात फाया ठेवला तर दिवसभर दरवळतं. किती लावलं हे घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारावं. त्या अंतरावर वास स्पष्ट येत असेल, तर तो ऑफिससाठी जास्त आहे.

सुगंधावरून लोक माणसाची पारख करतात, हे खरं. मंद, स्वच्छ वासाचा माणूस नीटनेटका वाटतो. घमघमाट आला की लोकांना वाटतं, याला स्वतःकडे लक्ष वेधायचंय किंवा काहीतरी झाकायचंय. पण ही पारख अनेकदा अन्यायाची असते. काहींना आजारामुळे किंवा औषधांमुळे खूप घाम येतो, आणि दीड तास उभ्याने प्रवास करून आलेल्याला हात-पाय धुवायलाही जागा मिळत नाही. शेजारी बसताना नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

आणि काहींसाठी वास हा आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांचं डोकं तीव्र वासाने चढतं. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका सुगंधी वाफांनी आकसू शकते. गरोदरपणात कालपर्यंत आवडणाऱ्या वासानेही मळमळतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या नियोजन विभागात एका कर्मचारी महिलेला सहकारिणीच्या परफ्यूमने आणि तिने प्लगला लावलेल्या रूम फ्रेशनरने श्वास घेणं कठीण झालं. सांगितल्यावर फ्रेशनर बंद झाला, परफ्यूम मात्र चालूच राहिला. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० साली शहराने तडजोडीत तिला १ लाख डॉलर दिले आणि सुगंधी उत्पादनं वापरू नका, अशी सूचना कर्मचाऱ्यांना देण्याचं मान्य केलं.

आपल्याकडे गोष्ट कोर्टापर्यंत जायचं कारण नाही. समजा, ठाण्यातल्या एका ऑफिसात मॅडमना अर्धशिशी आहे आणि शेजारच्या टेबलावर नवा मुलगा आलाय. त्यांनी आठ-पंधरा दिवस डोकं कधी दुखतं, त्या दिवशी फ्रेशनर मारला होता का, कोण जवळ होतं, हे टिपून ठेवावं. कारण दोष अनेकदा माणसाचा नसतो. बाथरूममधल्या डांबरगोळ्या, फरशीचं फिनेल किंवा सकाळची अगरबत्ती कारण असू शकते. परफ्यूमच असेल, तर एकट्याला गाठून बोलावं: “रोहन, राग मानू नकोस. मला अर्धशिशीचा त्रास आहे, परफ्यूमच्या वासाने माझं डोकं उठतं. ऑफिसला येताना नाही लावलास, तर मला फार मदत होईल.” यात त्याच्या आवडीला नावं ठेवलेली नाहीत, आपला त्रास सांगितलाय आणि नेमकं काय हवं ते मागितलंय. ऐकणाऱ्यानेही “पण मी तर थोडासाच लावतो” असं म्हणू नये, कारण थोडासा किती, हे त्याच्या नाकाला ठरवता येत नाही.

साहेबांच्या हातात याहून अधिक आहे. आपोआप फवारणारा फ्रेशनर काढून टाकणं, दुपारी दहा मिनिटं खिडक्या उघडणं, त्रास असणाऱ्याला खिडकीजवळची जागा देणं आणि बाथरूममध्ये बिनवासाचा साबण ठेवणं. यांपैकी कशालाच फारसा खर्च येत नाही. नियम करायचाच तर तो सगळ्यांसाठी करावा, कुणा एकाकडे बोट दाखवून नव्हे. परफ्यूम हौसेने लावायला संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस आहेतच. ऑफिसची हवा मात्र सगळ्यांची सामाईक आहे, आणि तिथे ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याचं नाक प्रमाण मानायला हवं.