साइट चालू होती, चोरीही चालू होती

२०१८च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर तिकिटं नेहमीसारखीच विकली जात होती. पानं उघडत होती, पैसे भरले जात होते. मात्र २१ ऑगस्टपासून एका जुन्या स्क्रिप्टच्या शेपटाला कोणीतरी २२ ओळी चिकटवल्या होत्या. ग्राहकानं कार्डाचा तपशील भरून बटण दाबलं की त्याची एक प्रत baways.com या परक्या पत्त्यावर जाई. ५ सप्टेंबरला बाहेरच्या माणसानं कळवलं, तेव्हा कंपनीला पत्ता लागला. २०२०मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

साइट उघडते की नाही, एवढंच पाहणारी पाळत अशा वेळी आंधळी ठरते. तरीही सुरुवात तिथूनच करावी. दर पाच मिनिटांनी साइट तपासणारी सेवा लावायची आणि मुख्य पानाऐवजी ऑर्डरचं पान तपासायला सांगायचं. त्या पानावर ‘कार्टमध्ये टाका’ हे शब्द दिसलेच पाहिजेत, अशी अट घालावी. म्हणजे पान उघडूनही कोरं असेल तर ते कळतं. लागोपाठ दोनदा तपासणी फसली तरच इशारा यावा, नाहीतर खोट्या घंटांना कंटाळून माणूस फोनच बंद करतो. आणि हा इशारा त्याच सर्व्हरवरच्या ईमेलला कधीच जोडू नये. सर्व्हर पडला की इशाराही पडतो.

चोरटी ओळ पकडायची तर फायलींवर नजर हवी. वर्डप्रेसची साइट असेल तर ही आज्ञा रोज आपोआप चालवता येते:

```
wp core verify-checksums
```

मूळ फाइल आणि सर्व्हरवरची फाइल जुळली नाही, तर ती नाव घेऊन सांगते. थीम आणि डेटाबेस मात्र ती तपासत नाही. थीममधल्या फायली बदलल्या की कळवणारी वेगळी सोय लागते.

आता त्या १५ दिवसांकडे पुन्हा पाहा. बॅकअप फक्त सात दिवसांचे ठेवले असते, तर प्रत्येक बॅकअपमध्ये त्या २२ ओळी असत्या! म्हणून रोजच्या प्रतींबरोबर काही महिने मागच्या प्रतीही हव्यात, आणि त्या वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली. कोड स्पेसेस या कंपनीनं हे केलं नव्हतं. जून २०१४मध्ये हल्लेखोर तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण खात्यात शिरला आणि डेटासोबत बहुतेक बॅकअपही पुसून गेला. कंपनीला धंदाच गुंडाळावा लागला.

हॅक झाल्याचं दिसताच फायली पुसायची घाई होते, आणि चोर कुठून शिरला याचा माग तिथेच हरवतो. आधी साइट देखभालीच्या पानामागे न्यावी, लॉग आणि फायलींची प्रत काढावी, होस्टिंगचे व ॲडमिनचे पासवर्ड बदलावेत. शिरकावाआधीची प्रत नव्या सर्व्हरवर चढवावी आणि ज्या भोकातून तो आला ते बुजवल्यावरच साइट खुली करावी. भारतात ‘सर्ट-इन’ला सहा तासांच्या आत कळवावं लागतं. हे सगळं फोन नंबरांसह कागदावर छापून ठेवावं, कारण त्या दिवशी संगणकातली यादी उघडेलच असं नाही.